थोडं थांबून या : ४२९चा मागोवा

परक्या सर्व्हरकडून डेटा उचलणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे उत्तर मिळतंच:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 120
```

पहिल्या ओळीचा अर्थ, तुम्ही फार वेळा विचारलंत. दुसरीचा अर्थ, दोन मिनिटांनी या. यावर प्रोग्रॅमने काय करावं, याचं उत्तर आज कुठल्याही लायब्ररीच्या पानावर तयार मिळतं: सांगितलं असेल तेवढं थांबा, सांगितलं नसेल तर दर खेपेला दुप्पट थांबा आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा, म्हणजे जिटर, मिसळा. या सूत्राचे तीन तुकडे आहेत आणि तिन्हींची गावं वेगळी. यादृच्छिकपणा हवाईतून आला, दुप्पट करणं कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेतून आणि ‘कधी या’ हे सांगणारा हेडर बऱ्याच उशिरा, वेबच्या नियमावलीतून. यातला सगळ्यात जुना तुकडाच लोक सगळ्यात आधी गाळतात, आणि गाळल्यावर काय होतं हे मात्र त्यांना दर वेळी नव्याने कळतं.

सुरुवात १९७१ची. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. बेटाबेटांवरच्या टर्मिनलांना ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकाशी जोडायचं होतं, त्यासाठी टेलिफोनच्या तारांऐवजी रेडिओ वापरायचा, ही कल्पना. मध्यवर्ती यंत्राकडे येणारी वाहिनी एकच आणि ती सगळ्या टर्मिनलांनी मिळून वापरायची. पाळी ठरवणारा कुणी नाही. ज्याला पाठवायचं असेल त्याने सरळ पाठवावं. दोघांनी एकदम पाठवलं तर दोन्ही पाकिटं एकमेकांत मिसळून खराब होतात आणि पोच येत नाही. ठरावीक वेळात पोच आली नाही की पुन्हा पाठवायचं.

पण कधी? बोलता बोलता फोन कट झाला की दोन्ही बाजूंनी लगेच नंबर लावला जातो आणि दोघांनाही लाइन व्यस्त लागते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. दोघं शहाणपणाने बरोबर दहा सेकंद थांबले तरी तेच होणार. अलोहातली दोन टर्मिनलं अगदी सारखी, त्यांचा प्रोग्रॅम सारखा, त्यामुळे त्यांची घोटाळ्यातून सुटका एकाच मार्गाने शक्य होती: प्रत्येकाने आपल्यापुरता फासा टाकायचा आणि पडेल तेवढं थांबायचं. सौजन्याचा इथे संबंध नव्हता. दोन समान यंत्रांत फरक पाडायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

या पद्धतीची किंमतही हिशेबात लगेच दिसली. टर्मिनलं पुष्कळ असतील तर अशा वाहिनीची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमता कामी येते. त्याच्यापुढे वर्दळ वाढवली की पोचणाऱ्या पाकिटांची संख्या वाढत नाही, उलट घटते. कारण टकरींमुळे पुन्हा पाठवलेली पाकिटं नव्या पाकिटांवर आदळू लागतात. गर्दी रिट्रायने तयार होते, आणि तीच गर्दी पुढच्या रिट्रायला जन्म देते. हे कोडं आजच्या एपीआयवाल्यांच्या अडचणीच्याही मुळाशी आहे.

दुसरा तुकडा बॉब मेटकाफ यांचा. अब्रॅम्सन यांच्या मांडणीत टर्मिनलं उत्तर मिळो न मिळो, एकाच वेगाने नवा मजकूर पाठवत राहतात असं धरलेलं होतं. मेटकाफ यांना ते पटेना. उत्तर येत नसेल तर खरा माणूस टाइप करायचं थांबतो, वाट बघतो. मग यंत्रानेही गर्दीचा अंदाज घेऊन आपला वेग का बदलू नये? हा विचार त्यांच्या हार्वर्डच्या प्रबंधात गेला आणि पुढे झेरॉक्सच्या पालो अल्टो प्रयोगशाळेत १९७३पासून डेव्हिड बॉग्ज यांच्यासह उभारलेल्या इथरनेटमध्ये उतरला.

इथरनेटचा नियम प्रमाणित झाला तेव्हाच्या आकड्यांसह बघण्यासारखा आहे. दहा मेगाबिटच्या जाळ्यात वेळेचा एक घास ५१.२ मायक्रोसेकंदांचा. पहिली टक्कर झाली की शून्य किंवा एक यातला एक आकडा यादृच्छिक निवडायचा आणि तितके घास थांबायचं. दुसऱ्या टकरीनंतर शून्य ते तीन, तिसरीनंतर शून्य ते सात. दहाव्या टकरीपर्यंत पल्ला शून्य ते १०२३ होतो आणि तिथेच गोठतो, म्हणजे जास्तीत जास्त वाट सुमारे ५२ मिलिसेकंदांची. सोळा प्रयत्न फसले की नाद सोडायचा आणि वरच्या थराला कळवायचं की जमलं नाही.

इथे दुप्पट होतो तो थांबण्याचा *पल्ला*. प्रत्यक्ष थांबणं त्या पल्ल्यात कुठेही पडू शकतं, शून्यावरसुद्धा. टकरींची संख्या हा गर्दीचा अंदाज आणि फासा ही सुटकेची वाट, दोन्ही एकाच ओळीत. शिवाय वरची मर्यादा आहे आणि शेवटी हार मानणंही आहे. आज बॅकऑफ म्हणून जे शिकवलं जातं ते सगळं १९७०च्या दशकातल्या या एका नियमात बसलेलं आहे.

यानंतरचा टप्पा इंटरनेटच्या कोसळण्याचा. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांमधलं अंतर ४०० यार्ड. चिठ्ठी घेऊन चालत गेलं असतं तरी लवकर पोचलं असतं. व्हॅन जेकबसन यांनी खोदून काढलं तेव्हा दिसलं की टीसीपीचे घड्याळी अंदाज चुकत होते. पाकीट हरवलेलं नसतानाही, केवळ उशीर झाला म्हणून, यंत्रं ते पुन्हा पाठवत होती आणि जाळं एकाच मजकुराच्या प्रतींनी तुंबलं होतं. १९८८च्या त्यांच्या निबंधात एक मुद्दा आहे, तो एपीआयच्या संदर्भात पुन्हा वाचावा असा: जाळ्याची रचना माहीत नाही, आपल्यासारखे किती जण स्पर्धेत आहेत तेही माहीत नाही, अशा टोकावर बसलेल्यासाठी घातांकी बॅकऑफ हा एकच मार्ग भरवशाचा. तिऱ्हाईताचा एपीआय वापरणारा नेमका याच अज्ञानात बसलेला असतो. त्या सर्व्हरवर आज किती भार आहे, मर्यादा कोण कशी मोजतो, आणखी किती गिऱ्हाइकं आहेत, काही दिसत नाही.

आता तिसरा तुकडा. आत्तापर्यंतच्या सगळ्या कथेत पाठवणारा मुक्यापुढे उभा होता. पोच आली नाही, एवढीच बातमी. वेबमध्ये समोरचा बोलू शकतो. मे १९९६च्या एचटीटीपी १.०च्या दस्तऐवजात ५०३ हे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ सांगणारं उत्तर होतं आणि परिशिष्टात `Retry-After` हेडरचाही उल्लेख होता. पुढच्या वर्षी १.१मध्ये तो मुख्य मजकुरात आला, दोन रूपांत: एक तर सेकंदांचा आकडा, नाही तर पूर्ण तारीख-वेळ. तारखेचं रूप वाचताना एक खबरदारी लागते. आपल्या यंत्राचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर आपण चार मिनिटं आधीच दार ठोठावू. म्हणून ती तारीख आपल्या घड्याळाशी न ताडता त्याच उत्तरातल्या `Date` हेडरशी ताडावी, फरक काढावा आणि तेवढं थांबावं.

पण ५०३ म्हणजे सर्व्हर आजारी. ‘मी ठणठणीत आहे, तूच फार विचारतोयस’ हे सांगायला कोडच नव्हता. २००६नंतर एपीआयचा बाजार भरू लागला आणि ज्याला जो सुचेल तो कोड त्याने वापरला. याहूने ९९९ हा नियमावलीत न बसणारा आकडा काढला. ट्विटरचा जुना एपीआय मर्यादा ओलांडल्यावर ४०० द्यायचा, ज्याचा खरा अर्थ ‘तुमची विनंतीच चुकीची लिहिली आहे’. त्यांच्या शोध-एपीआयने तर ४२० काढला आणि सोबत शब्द दिले ‘एनहान्स युअर काम’, म्हणजे जरा शांत व्हा. शब्द १९९३च्या ‘डिमॉलिशन मॅन’ चित्रपटातले. आकडा अमेरिकेत गांजाच्या विनोदाचा. आपल्याकडच्या प्रोग्रॅमरला मात्र कुणीतरी चारसोबीस म्हटल्यासारखंच वाटलं असणार. (हा विनोद पुढे प्रतिष्ठित झाला: एचटीटीपी २च्या अधिकृत त्रुटी-यादीत ENHANCE_YOUR_CALM आजही आहे.)

नुकसान विनोदाचं नव्हतं. ४०० किंवा ४०३ आला की बहुतेक लायब्ऱ्या तो कायमचा नकार समजून काम टाकून देत. ५०३ आला की उलट, सर्व्हर पडला असं समजून देखरेखीच्या घंटा वाजत. ‘नंतर ये’ आणि ‘येऊच नको’ यांत यंत्राला फरक करता येत नव्हता.

एप्रिल २०१२मध्ये मार्क नॉटिंगहॅम आणि रॉय फील्डिंग यांचा आरएफसी ६५८५ आला. लहानसा दस्तऐवज, चार नवे कोड, त्यातला एक ४२९. त्यात जितकं सांगितलं आहे तितकंच मुद्दाम सोडलेलंही आहे. गिऱ्हाईक कसं ओळखायचं, टोकनवरून की आयपी पत्त्यावरून, विनंत्या कशा मोजायच्या, हे सर्व्हरवर सोडलं. `Retry-After` देणं ऐच्छिक ठेवलं. आणि भाराखाली दबलेल्या सर्व्हरला ४२९ पाठवण्याचीही सक्ती नाही, तो जोडणी सरळ तोडू शकतो; कारण हल्ला चालू असताना प्रत्येकाला नम्र उत्तर देत बसणं हेही काम आहे. म्हणजे तिसरा तुकडा आला तरी पहिले दोन निवृत्त होऊ शकत नाहीत. समोरचा बोलला तर ऐकायचं, गप्प राहिला तर इथरनेटच्या यंत्रासारखं स्वतःच अनुमान करायचं.

दरम्यान किती कोटा उरला हे आधीच सांगणारे `X-RateLimit-` घराण्यातले हेडर रूढ झाले होते. प्रमाणीकरणाशिवाय रूढ झालेल्या गोष्टींचं जे होतं ते यांचंही झालं. `X-RateLimit-Reset` काही ठिकाणी १९७०पासूनच्या सेकंदांत येतो, काही ठिकाणी ‘अजून इतके सेकंद’ या रूपात. १७०००००००० हा आकडा म्हणजे नोव्हेंबर २०२३मधला एक क्षण. तो ‘इतके सेकंद थांबा’ असा वाचला तर प्रोग्रॅम जवळपास ५४ वर्षं झोपेल. ही चूक निदान लक्षात येते. उलटी चूक जास्त वाईट. ‘३०’ हा आकडा क्षण म्हणून वाचला तर तो १ जानेवारी १९७०चा तिसावा सेकंद ठरतो, म्हणजे कधीच उलटून गेलेला; प्रोग्रॅम अजिबात न थांबता सर्व्हरवर तुटून पडतो आणि लॉगमध्ये मात्र ‘हेडर पाळला’ असं लिहिलेलं असतं. या हेडरांना एकच रूप देण्याचा इंटरनेटच्या प्रमाण-संस्थेतला प्रस्ताव कित्येक वर्षं मसुद्याच्या अवस्थेत फिरला आहे. त्यात उरलेले सेकंद हेच रूप निवडलं आहे, घड्याळं जुळवण्याची भानगड नको म्हणून.

आता गाळलेल्या तुकड्याकडे. इथरनेटकडून वेबवाल्यांनी बॅकऑफ उचलला तेव्हा अनेकांनी त्यातलं दुप्पट करणं तेवढं उचललं आणि फासा मागे ठेवला. एक, दोन, चार, आठ सेकंद. दिसायला शिस्तशीर. पण शंभर क्लायंट एकाच क्षणी नाकारले गेले तर ते एका सेकंदाने सगळे मिळून येणार, मग दोन सेकंदांनी सगळे मिळून. मधला काळ सर्व्हर रिकामा. मार्च २०१५मध्ये ॲमेझॉनच्या मार्क ब्रूकर यांनी हेच सिम्युलेशन करून आलेखांतून दाखवलं: नुसत्या घातांकी थांबण्याने झुंडी विरळ होतात, पण झुंडीच राहतात, पल्ला दुप्पट करून त्यात शून्यापासून कुठेही यादृच्छिक थांबलं तर एकूण विनंत्याही घटतात आणि काम संपायला लागणारा वेळही. त्यांनी याला ‘फुल जिटर’ म्हटलं. शून्य ते दुप्पट होत जाणारी मर्यादा, वर एक टोक. मेटकाफ-बॉग्ज यांच्या नियमाशेजारी हे ठेवलं तर एकक सोडून फार फरक उरत नाही.

`Retry-After` इमानदारीने पाळणाऱ्यांवरही हीच वेळ येते. सर्व्हरने सगळ्यांना ६० सांगितलं आणि सगळ्यांनी बरोबर ६० पाळलं तर सर्व्हरनेच झुंडीची वेळ ठरवून दिल्यासारखं होतं. म्हणून फासा इथेही लागतो, पण वरच्या बाजूनेच. सांगितलेल्या वेळेआधी जायचं नाही, नंतर थोडं विखरून जायचं.

```python
import random

def wait_seconds(resp, attempt, base=1, cap=60):
    ra = resp.headers.get("Retry-After", "")
    if ra.isdigit():
        return int(ra) + random.uniform(0, 5)
    return random.uniform(0, min(cap, base * 2 ** attempt))
```

तारखेचं रूप यात धरलेलं नाही, ते वेगळं हाताळावं लागतं. `cap` फक्त आपल्या अनुमानाला लावला आहे, हेही बघून ठेवावं. सर्व्हरने ३६०० म्हटलं तर आपल्या ६०च्या टोकाने ते कापायचं नाही. तासभर थांबणं परवडत नसेल तर काम रांगेत टाकावं किंवा अपयश कळवावं. ब्राउझरसमोर बसलेल्या माणसाची विनंती अडकवून आत `sleep` घालणं हा उपाय नव्हे.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. गिटहबच्या एपीआयवर टोकनसह तासाला ५००० विनंत्या मिळतात. शिवाय दुय्यम मर्यादा आहे: साध्या वाचण्याच्या विनंत्या मिनिटाला ९००. समजा ८००० रेपॉझिटरींची माहिती रोज रात्री आणायची आहे आणि प्रोग्रॅममध्ये २० वर्कर आहेत. एका विनंतीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला १०० विनंत्या जातात. तासाचा कोटा राहिला बाजूला, मिनिटाची मर्यादाच नवव्या सेकंदाला संपते.

दुय्यम मर्यादेचं उत्तर ४२९ असू शकतं किंवा ४०३ही. गिटहबने जुनी सवय पूर्ण सोडलेली नाही. म्हणजे नुसता ४२९ तपासणारा कोड इथे फसतो. त्यांच्या सूचनांचा क्रम स्पष्ट आहे: `retry-after` असेल तर तो पाळा; नसेल आणि `x-ratelimit-remaining` शून्य असेल तर `x-ratelimit-reset`पर्यंत थांबा; दोन्ही नसेल तर किमान एक मिनिट थांबा आणि पुन्हा फसलं तर वाढवत न्या, काही प्रयत्नांनी सोडून द्या. नाकारलं जात असताना मारा चालूच ठेवला तर प्रवेश बंद होऊ शकतो, हेही तिथे लिहिलेलं आहे.

आपले वीस वर्कर हा क्रम स्वतंत्रपणे पाळतात तेव्हा काय होतं? एकाच सेकंदात वीसही जण नाकारले जातात, एकदम झोपतात, एकदम उठतात आणि नवव्या सेकंदाला पुन्हा आपटतात. लॉगमध्ये ही खूण ओळखू येते: नकार विखुरलेले नसतात, एकाच सेकंदाच्या शिक्क्याने गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यांमधलं अंतर जवळपास सारखं असतं. परक्या गिऱ्हाइकांची झुंड लांबच राहिली, ही घरातलीच. उपाय असा की थांबण्याचा निर्णय वर्करचा न ठेवता सगळ्यांचा करायचा. एकाला नकार आला की ‘अमुक क्षणाआधी कुणीही जायचं नाही’ अशी सामायिक नोंद करायची आणि त्या क्षणानंतर प्रत्येकाने आपला फासा टाकून निघायचं.

दुसरी खूण म्हणजे पाठवलेल्या विनंत्या आणि खऱ्या कामांचं गुणोत्तर. लायब्ररी आतून तीन रिट्राय करते, आपलं फंक्शन बाहेरून तीन करतं, जॉब चालवणारी यंत्रणा फसलेला जॉब आणखी तीनदा उचलते. प्रत्येक थराला पहिला धरून चार प्रयत्न, म्हणजे एका कामामागे ४ × ४ × ४, एकूण ६४ विनंत्या. गूगलच्या साइट रिलायबिलिटीवरच्या २०१६च्या पुस्तकात हाच हिशेब आहे आणि रिट्राय एकाच थराने करावा हा सल्लाही. पायथनची `urllib3` लायब्ररी, तिला रिट्राय सांगितला असेल तर, `Retry-After` असलेले ४१३, ४२९ आणि ५०३ आपणहून पाळते. आतल्या थरात काय चालू आहे ते न बघता बाहेर दुसरं चक्र बांधलं की गुणाकार सुरू झाला.

पुन्हा गिटहबच्या उदाहरणाकडे. वीस वर्करांवर मिनिटाला ८००चा लगाम घातला तर पहिल्या ५००० विनंत्या सव्वासहा मिनिटांत होतात, मग तास पुरा होईपर्यंत थांबणं आणि उरलेल्या ३००० पावणेचार मिनिटांत; एकूण ६४ मिनिटं. याउलट तासाला ५०००च्या समान गतीने, म्हणजे ०.७२ सेकंदाला एक अशा, गेलं तर ९६ मिनिटं. सावकाश जाणं इथे उशिराचं ठरतं. पण कोटा टोकनमागच्या वापरकर्त्याचा असतो. दौडत जाणाऱ्या पद्धतीत त्याच खात्यावरचं बाकी सगळं काम जवळपास ५४ मिनिटं ठप्प राहतं. खातं या एकाच कामासाठी असेल तर दौडावं, नाहीतर हप्त्याने जावं.

तिसरा रस्ता दोन्हींपेक्षा स्वस्त आहे. पहिल्या रात्री प्रत्येक उत्तरासोबत आलेला `ETag` जपून ठेवायचा आणि दुसऱ्या रात्री तो `If-None-Match`मध्ये परत पाठवायचा. बदल नसेल तर ३०४ येतो, आणि टोकनसह केलेल्या विनंतीला ३०४ आला तर गिटहब ती तासाच्या कोट्यात धरत नाही. ८०००पैकी ४०० रेपॉझिटरी बदलल्या असतील तर तासाच्या कोट्यातून ४००च गेल्या. मिनिटाचा लगाम तसाच ठेवून दहा मिनिटांत काम आटोपतं.